माणकातल्या क्रोमियमची तीन मिलिसेकंदं

फिकट गुलाबी माणकाचा एक घन सेंटिमीटर तुकडा टेबलावर ठेवला आहे असं समजा. त्यात क्रोमियमचे आयन आहेत साधारण 16 वर 18 शून्यं. त्यांतले किती जण या क्षणी उत्तेजित, म्हणजे 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडायच्या तयारीत असतील? हिशेब केला तर एकही नाही. असे काही हजार कोटी तुकडे गोळा केले, तर कुठे एखादा सापडायचा. वरच्या पातळीवर चढायला सुमारे 1.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि खोलीतल्या उष्णतेकडून सरासरी मिळते ती त्याच्या सत्तराव्या हिश्शाएवढी. माणकाचा लेसर पेटायला मात्र निम्म्याहून जास्त आयन वर हवेत.

एवढे कशाला, याचं उत्तर आइनस्टाइनने 1916-17 मध्येच देऊन ठेवलं होतं. उत्तेजित अणू दोन तऱ्हांनी खाली येतो. एक तर आपल्या मर्जीने, कधीही, कुठल्याही दिशेला फोटॉन सोडून. हे उत्स्फूर्त उत्सर्जन. किंवा नेमक्या त्याच ऊर्जेचा फोटॉन जवळून गेला, की त्याच्याच दिशेने, त्याच्याच तालात दुसरा फोटॉन सोडून. हे उद्दीपित उत्सर्जन. एकाचे दोन, दोनाचे चार होतात ते इथेच. पण तोच फोटॉन खालच्या पातळीवरच्या अणूला भेटला तर गिळला जातो, आणि गिळण्याची व जोडीदार मिळण्याची शक्यता मुळात सारखीच असते. म्हणून वर जास्त आणि खाली कमी अशी उलटी स्थिती, म्हणजे ‘पॉप्युलेशन इन्व्हर्जन’, असल्याशिवाय प्रकाश वाढत नाही. नुसतं तापवून ती येत नाही. कितीही तापवा, वरचे अणू खालच्यांच्या पुढे जात नाहीत.

उत्स्फूर्त उत्सर्जनाची अडचण वेगळी. उद्दीपित उत्सर्जनाच्या तुलनेत त्याचं पारडं वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात जड होत जातं. टाउन्स यांचा अमोनियाचा मेसर 1954 मध्ये आधी जमला, तो सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीच्या सूक्ष्मलहरींवर. माणकाच्या लाल प्रकाशाची वारंवारता त्याच्या 18 हजार पट. घन केला की आकडा सहा लाख कोटींच्या घरात जातो. सूर्याच्या पृष्ठभागावरसुद्धा या रंगाचे शंभर फोटॉन उत्स्फूर्तपणे निघतात तेव्हा उद्दीपित निघतात जेमतेम तीन.

मग आयन वर चढवायचे कसे? थेट लाल प्रकाशाने नाही, कारण तोच प्रकाश चढलेल्यांना खालीही ओढतो आणि फार तर बरोबरी होते. माणकाची खुबी तिसऱ्या पातळीत आहे. क्रोमियम हिरवा आणि जांभळा प्रकाश शोषून आणखी वर जातो, तिथून क्षणार्धात लाल प्रकाशाच्या पातळीवर घसरतो आणि तिथे सुमारे तीन मिलिसेकंदं रेंगाळतो. अणूंच्या जगात ही प्रदीर्घ मुदत. तरीही ही गळकी टाकी आहे: निम्मे आयन वर न्यायला घन सेंटिमीटरमागे सुमारे तीन ज्यूल लागतात, आणि तीन मिलिसेकंदांत ते निसटून जातात. म्हणजे नुसती पातळी टिकवायला घन सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोवॅट.

त्यामुळे जाणकारांनी माणकावर फुली मारली होती. खालची पातळीच मूळ पातळी, ती अर्धी रिकामी करणं अवघड, असं शॉलो यांचं मत. शिवाय शोषलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक टक्काच लाल होऊन बाहेर येतो, असं एक मोजमाप प्रसिद्ध झालं होतं. कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी ते पुन्हा मोजलं, तर उत्तर 75 टक्क्यांच्या आसपास आलं. माझ्या मते खरी बाजी त्यांनी इथेच मारली. सतत किलोवॅट पुरवायचा हट्ट सोडून त्यांनी छायाचित्रकारांचा सर्पिल फ्लॅशलॅम्प घेतला, त्याच्या वेटोळ्यात दोन्ही टोकांना चांदी चढवलेला माणकाचा छोटा दांडा बसवला आणि क्षणभरच झगमगाट केला.

16 मे 1960. दिव्याचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. ऑसिलोस्कोपवर लाल प्रकाशाची रेषा प्रत्येक वेळी थोडी उंच होई आणि तीन मिलिसेकंदांच्या सवयीने हळूहळू उतरे. 950 व्होल्टच्या पुढे मात्र शिखर एकदम उसळलं आणि उतार सुरुवातीलाच कडेलोट झाल्यासारखा तीव्र झाला. खूण हीच: आयन आता आपल्या मर्जीने उतरत नव्हते, फोटॉन त्यांना मुदतीआधीच खाली आणत होते. वर्णरेषाही अरुंद झाल्याचं पुढच्या मोजमापांत दिसलं.

सततचा किरण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत हेलियम-निऑनच्या नळीने दिला. तिथे निऑनची खालची पातळी मूळ पातळीच्या बरीच वर असते, म्हणून ती जवळजवळ रिकामीच राहते आणि मूठभर अणू वर चढले तरी व्यस्त स्थिती येते. फक्त खाली उतरलेल्या निऑनला मूळ पातळीवर पोचायला शेवटी नळीच्या भिंतीवर आपटावं लागतं. त्यामुळे ही नळी बारीकच ठेवतात. रुंद केली, की खाली गर्दी साचते आणि किरण मंदावतो.