अडकलेल्या खोल्या कधी सुटतात?
समजा, गोव्यातल्या 20 खोल्यांच्या हॉटेलाने टूर कंपनीला हंगामभर 8 खोल्यांचं अलॉटमेंट दिलं आणि रिलीज पिरियड 7 दिवसांचा ठरला. 24 डिसेंबरसाठी कंपनीने 3 खोल्याच भरल्या, तरी उरलेल्या 5 खोल्या 17 तारखेपर्यंत तिच्यासाठीच राखून ठेवाव्या लागतात. त्यांचे पैसे मात्र सहसा मिळत नाहीत. तोवर नाताळचं गिऱ्हाईक दुसरीकडे बुकिंग करून मोकळं झालेलं असतं. म्हणून माझ्या मते गर्दीच्या तारखांना 30 दिवसांचा रिलीज मागावा. पावसाळ्यात 7 दिवस चालतील. मुदत संपली की खोल्या आपोआप सुटतात की आपण कळवायचं, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. त्यानंतर कंपनीचं बुकिंग आलं, तर खोली शिल्लक असेल तरच स्वीकारायचं.