सोलर तोट्यात, की तक्ता चुकीचा?

एका गृहनिर्माण सोसायटीला गच्चीवर सोलर बसवायचे आहे, असे समजा. खर्च 10 लाख रुपये. आजच्या वीजदराने वर्षाला दीड लाखाची बचत, तीही 10 वर्षे. हिशेब ठेवणारे काका तक्ता मांडतात, दहाही रकान्यांत दीड लाख लिहितात आणि 12 टक्के वटाव दराने सगळ्यांचे आजचे मूल्य काढतात. ते येते साधारण 8.48 लाख. म्हणजे दीड लाखाचा तोटा. ठराव बारगळतो.

काकांची बेरीज बरोबर आहे, जोडी मात्र विजोड आहे. 12 टक्के हा बाजारातला दर. पैसे लावणारा तो मागतो तेव्हा पुढच्या महागाईची भरपाई त्यात धरलेलीच असते. याला नाममात्र दर म्हणतात. रकान्यांतले दीड लाख मात्र आजच्याच भावातले, त्यांत महागाईचा पैसाही नाही. म्हणजे महागाई खाली भाजकात धरली आणि वर विसरली.

महागाई 5 टक्के धरू. ती वगळून उरणारा वास्तव दर काढायला 1.12 ला 1.05 ने भागायचे. उत्तर 1.0667, म्हणजे 6.67 टक्के. या दराने त्याच दीड लाखांचे आजचे मूल्य 10.70 लाख होते. तोट्याच्या जागी 70 हजारांचा फायदा! दुसऱ्या वाटेनेही तेच येते. पहिल्या वर्षाची बचत वाढवून 1.575 लाख करा आणि 1.12 ने भागा, 1.406 लाख मिळतात. दीड लाखांना 1.0667 ने भागले तरी तितकेच.

12 मधून 5 वजा करून 7 धरणारे बरेच असतात. इथे त्याने फारसे बिघडत नाही, मूल्य 10.54 लाख येते. पण दर 60 आणि महागाई 50 टक्के असेल तर वजाबाकी 10 सांगते, खरा वास्तव दर मात्र तोच 6.67. हे नाते अमेरिकन अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांच्या नावाने ओळखले जाते.

खरी मेख पुढेच आहे. सगळ्याच रकमा महागाईबरोबर वाढत नाहीत. देखभालीचा करार 10 वर्षे 20 हजारांवर बांधलेला असेल, तर आजच्या भावात दहाव्या वर्षी तो जेमतेम 12,300 रुपयांचा उरतो. कंपनीच्या हिशेबात घसाराही असाच, मूळ किमतीला चिकटलेला. वीजदर तर सर्वसाधारण महागाईच्या चालीने चालतीलच असे नाही. असे घटक असतील तर मी प्रत्येक रक्कम त्या-त्या वर्षाच्या रुपयांत मांडून नाममात्र दरच वापरेन. त्यात गफलत कमी होते.

सभेत असा तक्ता फिरला, तर आधी दहाव्या वर्षाचा रकाना बघा. तिथला आकडा पहिल्या वर्षाइतकाच असेल आणि खाली बँकेचा दर लावलेला असेल, तर मतदानाआधी हात वर करा.