उशिरा भेटायला जाताना

मराठी घरात माणूस गेला की पुढचं सगळं फार वेगाने घडतं. सकाळी गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत स्मशानात नेलेलं असतं. परगावच्या मुलासाठी किंवा लेकीसाठी थांबतात, मित्रांसाठी थांबता येत नाही. त्यामुळे बंगळूरला किंवा दुबईला असलेला मित्र अंत्यविधीला पोचला नाही, याचं घरच्यांना सहसा फार वाईट वाटत नाही. रूढीनेही त्याच्यासाठी पुढे जागा ठेवलेली असते. तिसऱ्या दिवशी राख सावडायला यावं, दहाव्याला घाटावर यावं, तेराव्याला घरी यावं, नाहीतर मधल्या एखाद्या संध्याकाळी नुसतं भेटून जावं. हे सगळे दिवस उलटून गेले आणि फोनही आला नाही, की मात्र मित्राला ते लागतं.

इकडे न गेलेल्याचंही अवघड होऊन बसतं. पहिल्या आठवड्यात फोन करायचा राहिला, तेराव्यानंतर करू म्हटलं, आणि महिना उलटल्यावर ‘आता कुठल्या तोंडाने करू?’ असं वाटू लागलं. जितका उशीर, तितकं जास्त काहीतरी बोलावं लागेल असं मनाला वाटतं, म्हणून आणखी उशीर होतो. अनेक जुन्या मैत्र्या अशाच थंडावतात. भांडण झालेलं नसतं, फक्त एक भेट राहिलेली असते.

एक उदाहरण घेऊ. शाळेपासूनचे दोन मित्र. एक नोकरीसाठी बंगळूरला, दुसरा मिरजेत. मिरजेच्या मित्राचे वडील तिथल्याच दवाखान्यात गेले. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप आला, बंगळूरच्या मित्राने तो वाचला, इतरांबरोबर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढे दोन महिने काहीच केलं नाही. आता त्याने काय करावं?

आधी त्या निरोपाचं बघू. ‘मला कळलंच नाही रे’ ही सबब सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा मित्राने पाहिलेल्या असतात. तो बोलून दाखवणार नाही, पण पुढचा एकही शब्द मग त्याला खरा वाटणार नाही. दुसरी चूक म्हणजे कारणांची लांबण लावणं. ऑफिसचं काम, मुलाची परीक्षा, रजा नाही. यातलं प्रत्येक कारण खरं असेल, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या सगळ्याचा नंबर माझ्या वडिलांच्या आधी लागला.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीनाम्याचे वेगवेगळे भाग पाडून लोकांना कुठला भाग पटतो हे तपासलं. सर्वांत जास्त वजन होतं ‘चूक माझी आहे’ या कबुलीला. त्याखालोखाल भरपाईची तयारी. आणि ‘मला माफ कर’ या विनंतीला सर्वांत कमी. आपल्या प्रसंगात हे फारच लागू पडतं, कारण माफीची विनंती केली की चेंडू मित्राकडे जातो. ज्याचे वडील गेले, त्यालाच मग ‘अरे असू दे, होतं असं’ म्हणत समोरच्याची समजूत काढावी लागते.

म्हणून निरोप थोडक्यात असावा. ‘अरे, काका गेल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आलो नाही आणि नंतर साधा फोनही केला नाही. हे माझं चुकलं. या शनिवारी मी मिरजेला येतोय. तुला आणि काकूंना भेटायचं आहे. शनिवार जमणार नसेल तर कधी येऊ ते सांग. लगेच उत्तर दे असं नाही.’ एवढं पुरे. न जाण्यामागे खरोखर एखादं कारण असेल, म्हणजे स्वतःच्या वडिलांचं आजारपण चालू होतं आणि स्मशानाची भीती वाटली, तर ते एका वाक्यात सांगावं. हा निरोप गटावर न टाकता त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवावा. फोन करायचा तर रात्री जेवणं आटोपल्यावर करावा. ऑफिसात असताना असा फोन आला तर त्याला धड बोलता येत नाही, रडताही येत नाही.

आता भेट. वर्षानुवर्षं चालत आलेल्या आपल्या ‘भेटायला जाण्या’त एक फार शहाणी गोष्ट आहे. आलेला माणूस बसतो आणि विचारतो, ‘काय झालं होतं? शेवटी कोण होतं जवळ?’ घरचे सांगू लागतात. रात्री कसं अस्वस्थ वाटलं, पाणी मागितलं, रिक्षा मिळेना, डॉक्टर काय म्हणाले. प्रत्येक पाहुण्याला पुन्हा तेच. वरून हा छळ वाटतो, पण सांगून सांगूनच ती रात्र हळूहळू अंगवळणी पडते. तेराव्यानंतर मात्र विचारणारं कोणी उरत नाही. मित्र कामावर जाऊ लागतो, लोक ‘आता सावरला’ म्हणतात आणि सांगायचं राहिलेलं आतच राहतं. उशिरा येणाऱ्याला मी काही अंशी उपयोगी मानतो ते याचमुळे. तो न ऐकलेला माणूस आहे. त्याला सगळं पहिल्यापासून सांगता येतं.

तेव्हा ‘कसा आहेस?’ विचारण्याऐवजी ‘काकांचं नेमकं काय झालं, मला काहीच माहीत नाही’ असं म्हणावं आणि गप्प बसावं. मित्र एका वाक्यात आटोपत असेल तर खोदून विचारू नये. तो बोलत असेल तर मध्ये आपल्या घरातल्या मृत्यूची गोष्ट सुरू करू नये. 1986 मध्ये डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन यांनी अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्यांना विचारलं होतं की लोकांच्या कुठल्या वागण्याने बरं वाटलं. मन मोकळं करू देणारे आणि तशाच दुःखातून गेलेले लोक जवळचे वाटले. सल्ला देणारे आणि ‘आता सावर’ म्हणणारे नकोसे झाले. त्याच अभ्यासात ज्यांच्यावर असा प्रसंग आलेला नव्हता त्यांनाही विचारलं, ‘तुम्ही काय कराल?’ त्यांची उत्तरं बरोबर होती. म्हणजे काय बोलावं हे माणसाला ठाऊक असतं, समोर बसल्यावर घाबरून तोंडातून ‘वय झालंच होतं’, ‘सुटले बिचारे’, ‘आता तूच घरातला मोठा’ हे निघतं. तसं काही ओठांवर आलं तर शांत बसलेलं बरं.

एक गोष्ट मात्र बोलायचीच, आणि ती फक्त मित्रच आणू शकतो. काकांची आपल्याकडची आठवण. दहावीच्या पेपरला दोघांना स्कूटरवरून सोडताना एकाचं पेन राहिलं, तेव्हा काकांनी खिशातलं स्वतःचं काढून दिलं आणि संध्याकाळी परत मागून घेतलं. मुलगा हे विसरलेला असेल, त्याच्या आईला कधीच कळलं नसेल. ‘फार चांगला माणूस होता’ हे त्या घराने शेकडो वेळा ऐकलेलं असतं, पण काकांबद्दलची नवी गोष्ट त्यांना आता क्वचितच मिळते.

दोन महिन्यांनी गेल्यावर घरात चहा होतो, तो घ्यावा. काकूंच्या शेजारी थोडा वेळ वेगळं बसावं, कारण सगळे मुलाशी बोलतात. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, हे बऱ्याच घरांत अजून पाळतात. काही गावांत भेटायला जायचे वारही ठरलेले असतात. तिथल्याच एखाद्या मित्राला आधी विचारून घ्यावं.

भरपाईचा भाग यानंतर सुरू होतो. ‘काही लागलं तर सांग’ याला कोणीच काही सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्या घराची सगळी ताकद खाणारी गोष्ट म्हणजे कागद. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत आणि जिथे मृत्यू झाला तिथे होते. काका राहायला गावी असले तरी मिरजेच्या दवाखान्यात गेले, म्हणून दाखला ग्रामपंचायतीत मिळत नाही, महापालिकेत मिळतो. हे न कळल्याने चकरा होतात. दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि आधार कार्डावर ‘दत्तात्रेय’ असलं की बँक अडवते. काका निवृत्तिवेतन घेत असतील तर बँकेला लवकर कळवावं लागतं, नाहीतर मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत वळती होते आणि काकूंचं कुटुंब निवृत्तिवेतनही लांबतं. गावाकडे एकरभर जमीन असेल तर सातबाऱ्यावर वारसनोंद करावी लागते. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज, सगळ्या वारसांची नावं, नोटीस, हरकतीची मुदत आणि मग मंडल अधिकाऱ्याची मंजुरी.

यात मित्राने नेमकं काम मागून घ्यावं. ‘पुढच्या मंगळवारी मी सुट्टी काढलीय, महापालिकेत तुझ्याबरोबर येतो, दाखल्याच्या दहा प्रती एकदमच काढू.’ किंवा ‘बँकेचा फॉर्म मला फोटो काढून पाठव, मी भरून ठेवतो, काकूंची फक्त सही घे.’ बंगळूरहून येता येत नसेल तरी ऑनलाइन अर्ज तिथून भरता येतात. मर्यादाही पाळावी. कोणाला किती हिस्सा, बहिणींनी हक्क सोडावा की नाही, यात मित्राने अवाक्षर काढू नये. वारसांच्या यादीत आईचं आणि बहिणींचं नाव राहिलं असेल तर तेवढं दाखवून द्यावं, कारण ती यादी अपुरी राहिली तर पुढे नोंदच अडकते.

कधी मित्र उत्तरच देत नाही, किंवा ‘ठीक आहे’ एवढंच लिहितो. त्याला राग येण्याचा हक्क आहे. तिसऱ्या मित्राला मध्ये घालू नये, रोज निरोप पाठवू नये. तीन-चार आठवड्यांनी एकदा, काही न मागता, पुन्हा लिहावं. त्या घरातली पहिली दिवाळी हा त्यासाठी योग्य दिवस. आकाशकंदील लागत नाही, शुभेच्छा देणारे त्या नावावर थबकून पुढे जातात. ‘या दिवाळीला काकांची आठवण येतेय, फराळ पाठवत नाही, पण फोन करू का?’ असं विचारलं तर बहुधा उत्तर येतं.

आणि भेटीत एक गोष्ट विचारून ठेवावी. काका कुठल्या तिथीला गेले? वर्षश्राद्ध तिथीने येतं, कॅलेंडरच्या तारखेने येत नाही. ते साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतं, अधिक मास आला तर काही दिवस पुढे जातं. मोबाइलमध्ये टाकलेली तारीख म्हणूनच चुकते. त्या वर्षीच्या पंचांगात तिथी पाहून ठेवावी, रजा आधीच टाकावी आणि आदल्या रात्रीच्या गाडीने मिरज गाठावी.