थांबण्याची किंमत

गुळगुळीत रुळावर एक किलोची गाडी उभी आहे. मोटरने ती एका सेकंदात एक मीटर पुढे न्यायची आणि तिथे थांबवायची, तर कमीत कमी किती जोर खर्च होईल? इथे खर्च म्हणजे जोराचा वर्ग, सेकंदभर साठवलेला. मोटरच्या तारा साधारण याच हिशेबाने तापतात, म्हणून हा खर्च ज्यूलमधल्या ऊर्जेपेक्षा वेगळा.

उत्तर देतो नियंत्रणक्षमतेचा ग्रामियन. जोराचा प्रत्येक क्षणाचा धक्का शेवटच्या जागेवर आणि वेगावर किती परिणाम करतो, याची ही बेरीज. आपल्या गाडीसाठी ती अशी:

`W = [[T³/3, T²/2], [T²/2, T]]`

तिचा व्यस्त घेतला की किमान खर्च मिळतो: `12d²/T³`. म्हणजे आपल्याला 12. त्यासाठी जोर 6 न्यूटनपासून सरळ रेषेत उतरत उणे 6 पर्यंत जातो. अर्धा वेळ पूर्ण पुढे, अर्धा वेळ पूर्ण मागे असा 4 न्यूटनचा जोर लावला, तर खर्च 16.

मला सर्वांत भिडते ते पुढचे. थांबण्याची अट सोडली, तर तेच अंतर 3 मध्ये कापता येते. चौपट किंमत थांबण्याची! आणि वेळ दुप्पट दिला, तर 12 चे दीड होतात.

मात्र दोन सारख्या गाड्यांना एकच जोर दिला, तर त्यांच्यातले अंतर कितीही खर्चून बदलत नाही. तिथे ग्रामियनचा व्यस्तच नसतो.