लेबलावरचे आकडे आणि बॅटरीचे वजन

मोबाइलसाठी मागवलेली बदली बॅटरी बनावट दिसते, असे दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ केवळ छायाचित्रे पाहून ग्राहकाला कळवतो, तेव्हा पुसट छपाई किंवा नावातील चुकीचे स्पेलिंग एवढ्यावर त्याचा निष्कर्ष अवलंबून नसतो. सुबक लेबल कोणालाही छापून घेता येते. मात्र लेबलावरचे आकडे एकमेकांशी जुळवणे आणि त्या आकड्यांना शोभेल एवढे वजन बॅटरीत असणे, या दोन गोष्टी नक्कल करणाऱ्याला एकाच वेळी साधणे अवघड जाते.

लिथियम-आयन बॅटरीच्या लेबलावर तीन राशी दिलेल्या असतात. बॅटरी किती विद्युतभार साठवते हे मिलिअँपिअर-तासांत सांगितले जाते, वापराच्या काळात तिचा सरासरी दाब किती राहतो हे व्होल्टमध्ये, आणि या दोहोंच्या गुणाकारातून मिळणारी एकूण ऊर्जा वॅट-तासांत. उदाहरणादाखल, मूळ बॅटरी ४००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे ४ अँपिअर-तासांची, आणि ३.८५ व्होल्टची असेल, तर तिची ऊर्जा १५.४ वॅट-तास भरते. आता त्याच आकाराच्या बदली बॅटरीच्या छायाचित्रात ५००० मिलिअँपिअर-तास, ३.७ व्होल्ट आणि १५.४ वॅट-तास असे छापलेले दिसले, तर पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार १८.५ येतो आणि लेबल स्वतःलाच खोटे ठरवते. वॅट-तासांचा आकडा मूळ लेबलावरून जसाच्या तसा उचलला गेला आणि ग्राहकाची नजर ज्यावर आधी जाते तो क्षमतेचा आकडा तेवढा फुगवला गेला, असाच याचा उलगडा बहुधा होतो.

दाबातील फरक दिसायला लहान असला, तरी धोक्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सरासरी ३.८५ व्होल्टची बॅटरी साधारणपणे ४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करण्यासाठी घडवलेली असते, तर ३.७ व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. आणि चार्जिंग कुठे थांबवायचे हे फोनमधील सर्किट मूळ बॅटरीच्या हिशेबाने ठरवते. त्यामुळे ४.२ व्होल्टची बॅटरी अशा फोनमध्ये बसवली, तर प्रत्येक वेळी ती आपल्या मर्यादेपलीकडे चार्ज होऊ पाहते. धन अग्रातून प्रमाणाबाहेर लिथियम ओढले जाऊन तेथील ऑक्साइड अस्थिर होते, ऋण अग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचू शकतो, आतील द्रावण विघटित होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. बॅटरीच्या टोकाशी बसवलेली छोटी संरक्षक पट्टी अशा वेळी प्रवाह तोडण्यासाठी असते. परंतु स्वस्त नकलेत ती निकृष्ट असू शकते किंवा मुळीच नसते.

छायाचित्रात बॅटरी वजनकाट्यावर ठेवलेली असेल, तर पडताळणी आणखी पुढे जाते. मोबाइलच्या चांगल्या बॅटरीत एका किलोग्रॅममागे सुमारे २५० वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणून १८.५ वॅट-तासांच्या बॅटरीचे वजन ७४ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे, आणि हे प्रमाण उदारपणे ३०० धरले तरी ते ६० ग्रॅमच्या खाली उतरत नाही. काटा ४४ ग्रॅम दाखवत असेल, तर नेहमीच्या प्रमाणानुसार त्या बॅटरीत ११ वॅट-तासांच्या आसपासच ऊर्जा असणार, म्हणजे तिची खरी क्षमता ३००० मिलिअँपिअर-तासांच्या घरात असणार. वजन पुरेसे भरले म्हणून मात्र बॅटरी अस्सल ठरत नाही, कारण निरुपयोगी भर घालूनही वजन वाढवता येते.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची असून, ‘आर’ या रोमन अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलावर असावा लागतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो तपासता येतो. मात्र क्रमांकही नकलता येत असल्याने, अॅपमध्ये दिसणारे उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार हातातल्या बॅटरीशी जुळतो का, हे पाहणे आवश्यक ठरते. बॅटरी मूळ कंपनीची नाही, एवढ्याने ती बनावट होत नाही; दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने आणि खऱ्या आकड्यांनिशी केलेली बॅटरी वापरण्याजोगी असू शकते.

छायाचित्रांवरून निघालेला निष्कर्ष शेवटी अनुमानच असतो, आणि त्याचा निवाडा चाचणी-यंत्रावर होतो. लेबलावर दिलेल्या मर्यादेपर्यंत पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीतून १ अँपिअरचा स्थिर प्रवाह काढत दाब ३ व्होल्टपर्यंत उतरू दिला, तर खरी ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे पाच तास टिकते, तर वरील उदाहरणातील बॅटरी तीन तासांच्या सुमारास संपते. बॅटरी आधीच फुगलेली असेल किंवा तिच्यावर संरक्षक पट्टी नसेल, तर ही चाचणीसुद्धा करू नये. अशी बॅटरी फोनमध्ये न बसवता विक्रेत्याकडे परत करणे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात देणे हाच योग्य मार्ग आहे.