पंचेचाळीस तासिकांचं एक पान

शुक्रवारी दुपारी मुलं घरी गेली की द्विशिक्षकी शाळेतल्या बाई शंभर पानी लांब वहीची समोरासमोरची दोन पानं उघडतात. तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग त्यांच्याकडे, एकाच खोलीत. तिसरीत बारा मुलं, चौथीत नऊ. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे वाडी-वस्तीवरच्या असंख्य शाळांचं चित्र असंच असतं. इथलं उदाहरण नमुन्याचं आहे, पण त्यातल्या अडचणी अशा कुठल्याही शाळेत पाहायला मिळतील.

वार्षिक नियोजन जूनमध्येच झालेलं असतं आणि रोजचं टाचणही निघतं. मधला आठवडा मात्र बऱ्याचदा कुणीच आखत नाही. वर्षाच्या नियोजनात ‘ऑगस्ट : अपूर्णांक’ एवढंच असतं, टाचणात आजची कृती असते. बुधवारी बैठक निघाली तर काय पुढे ढकलायचं आणि काय अजिबात हलवायचं नाही, याचं उत्तर या दोन्हींत सापडत नाही. ते आठवड्याच्या पानात असावं लागतं.

पहिलं काम मोजणीचं. सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी सकाळच्या पाच अशा पस्तीस मिनिटांच्या ४५ तासिका आहेत असं धरू. या शाळेत त्यांची वाटणी मराठी ११, गणित ९, परिसर अभ्यास ८, इंग्रजी ६, कला ४, शारीरिक शिक्षण ४ आणि कार्यानुभव ३ अशी आहे. दुसऱ्या शाळेत आकडे वेगळे असतील, ते मंजूर वेळापत्रकातूनच घ्यायचे. या यादीत उजळणीला एकही तासिका नाही, हे मात्र बारकाईनं पाहण्यासारखं आहे. वेळापत्रक विषयांचं असतं आणि उजळणी हा विषय नाही. तिची जागा आखून ठेवली नाही तर ती घटक चाचणीच्या आदल्या आठवड्यात एकदम अंगावर येते, आणि तेव्हा पहिला बळी कलेच्या तासिकेचा जातो.

दुसरी अडचण वेळेच्या तुकड्याची. एकाच वर्गाला पस्तीस मिनिटं पुरतात, दोन वर्गांना पुरत नाहीत. तिसरीला शिकवायला बसावं तर चौथी ताटकळते, आणि चौथीकडे वळेपर्यंत घंटा होते. म्हणून बाई सोमवार ते गुरुवार गणिताची जोडतासिका ठेवतात. सत्तर मिनिटांतली पहिली दहा दोन्ही वर्गांच्या उजळणीची, पुढची पंचवीस तिसरीजवळ, नंतरची पंचवीस चौथीजवळ आणि शेवटची दहा पाट्या-वह्या बघण्याची. चार दिवसांत आठ तासिका झाल्या, नववी शुक्रवारी उजळणीसाठी. मराठीही बव्हंशी अशीच जोडून येते. डाव्या पानावरच्या तक्त्यात प्रत्येक चौकोनाचे दोन भाग केलेले असतात, वर तिसरी, खाली चौथी. ज्या भागात बाई स्वतः बसणार असतील तिथे एक ठिपका. ठिपका नसलेल्या भागात मुलांनी करायचं काम नेमकं लिहावं लागतं. ‘स्वाध्याय’ एवढ्या शब्दावर भागत नाही.

उजव्या पानावर चार चौकटी असतात आणि पानाचा खरा कस तिथेच लागतो.

पहिल्या चौकटीत आठवड्याअखेर मुलाला काय करता यायला हवं ते लिहायचं. ‘हातच्याची वजाबाकी’ हे घटकाचं नाव झालं. बाई लिहितात : ‘५२ मधून २७ वजा करताना मूल एक दशक सुटा करून दाखवतं.’ हे वाक्य लिहिलं की साहित्यही ठरतं आणि चूक कशी दिसेल तेही ठरतं. सोमवारी त्या तिसरीच्या मुलांपुढे काड्यांचे दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवतात. सात काड्या द्यायच्या आहेत, हातात दोनच आहेत. मग एक मुलगा पुढे होऊन एका गठ्ठ्याचं रबर काढतो. चार गठ्ठे राहतात, सुट्या बारा होतात. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर पंचवीस. पाटीवर ज्याचं उत्तर ३५ येतं, त्यानं एककाच्या घरात सातातून दोन वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान काढला. त्याला आणखी वीस उदाहरणं घालून उपयोग नाही. त्याला पुन्हा काड्यांकडेच न्यायला हवं. तेवढ्याच वेळात चौथीकडे जायचं असल्यानं बाई ३५ लिहिणाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं चौकटीत टिपतात आणि मंगळवारी त्याच तिघा-चौघांना जवळ बसवतात.

याच्या उत्तरार्धात तिसरीला आठ उदाहरणं स्वतः सोडवायची असतात. त्यांतली तीन मुद्दाम बिनहातच्याची. सगळीच हातच्याची दिली तर मूल विचार न करता प्रत्येक वेळी दशक सुटा करू लागतं. गठ्ठा कधी सोडायचा आणि कधी नाही, हे ठरवणं हाच शिकण्याचा गाभा आहे.

दुसरी चौकट उजळणीच्या प्रश्नांची. रोजच्या दहा मिनिटांत प्रत्येक वर्गाला तीनच प्रश्न असतात. एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तक मिटलेलं, उत्तर पाटीवर. चौथीचा सोमवारचा नमुना असा : शुक्रवारी केलेला एक भागाकार, गेल्या आठवड्यातलं पाच अंकी संख्येचं वाचन आणि महिन्यापूर्वीचं घड्याळ. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून मोजलेली विसरण्याची गती १८८५ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीला विसर झपाट्यानं पडतो आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या उजळणीपेक्षा जास्त टिकते, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. वर्गात याचा अर्थ सोपा आहे. सोमवार ते गुरुवार दहा-दहा मिनिटं आणि शुक्रवारची एक तासिका मिळून सव्वा तास होतो. तो एकत्र करून एकाच दुपारी वापरला तर मुलं त्या दुपारपुरती हुशार दिसतात.

महिन्यापूर्वीच्या प्रश्नाला अर्ध्याहून अधिक पाट्या कोऱ्या राहिल्या तर तो घटक ‘झाला’ असं धरता येत नाही. बाई तो पुढच्या आठवड्याच्या पहिल्या चौकटीत परत आणतात. शिकवण्याचा वेग त्यानं कमी होतो, हे खरं आहे. पण पुढचा धडा त्याच पायावर उभा असेल तर दुसरा मार्ग नाही.

तिसरी चौकट साहित्याची, आणि कलेच्या तासिका तिच्यावरच तगतात. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी कला जोडतासिकेत आहे, तीही कारणानं. पस्तीस मिनिटांत माती किंवा रंग वाटायला पाच आणि हात, ताटल्या, फरशी धुवायला दहा मिनिटं गेली तर मुलाच्या हाताला वीसच मिनिटं उरतात. तेवढ्यात मातीचा बैल उभा राहत नाही. शिवाय माती आदल्या दिवशी भिजवायची असते. ‘सोमवार : माती भिजवणे, चौथीचे दोघे’ ही नोंद शुक्रवारी झाली नाही, तर मंगळवारी दुपारी माती कोरडी असते आणि फळ्यावर शुद्धलेखन येतं. कलेची तासिका अनेकदा कुणाच्या विरोधानं नाही, अशा कोरड्या मातीमुळे बुडते.

एकत्र वर्गात कला, कार्यानुभव आणि खेळ यांचं आणखी एक मोल आहे. तिथे तक्त्याच्या चौकोनात आडवी रेघ लागत नाही. तिसरी-चौथी एकत्र बसते आणि शिक्षकाचं लक्ष दोन ठिकाणी फाटत नाही. ज्या मुलाला मराठीत दोन वाक्यं बोलवत नाहीत, ते माती मळताना शेजाऱ्याशी काय बोलतं, हे ऐकायला बाईंना तिथेच सवड मिळते.

विषय एकमेकांत गुंफावेत असं प्रशिक्षणात सांगतात आणि ते बरोबरच आहे, मात्र हिशेब चोख हवा. चौथीची मुलं जुन्या कॅलेंडरच्या पट्टीला तीनदा दुमड घालून आठ समान भाग करतात, तीन भाग एका रंगानं आणि पाच दुसऱ्या रंगानं रंगवतात आणि तीन अष्टमांश व पाच अष्टमांश यांची तुलना करतात. छान कृती आहे, पण ती गणिताच्या तासिकेत मोजायची. कोणता भाग कोणत्या रंगानं रंगवायचा हे आधीच ठरलेलं असेल, तर मुलाच्या कल्पनेला तिथे काही काम उरलेलं नसतं.

आता चौथी चौकट, ‘राहिलेलं’. समजा बुधवारी शिक्षण परिषद निघाली. बाई केंद्रशाळेत गेल्या आणि चारही वर्ग दुसऱ्या गुरुजींकडे आले. त्या दिवशी नवं काही शिकवलं जाणार नाही हे धरूनच वहीच्या शेवटच्या पानावर एक कायमची सोय ठेवलेली असते : वाचनकोपऱ्यातली पुस्तकं, पाढ्यांची जोडीनं उजळणी, पाहिलेल्या जागेचं चित्र. गुरुजींना तेवढं पुरतं.

गुरुवारी हिशेब होतो. बुधवारची अपूर्णांकांची तुलना गुरुवारी सरकते. गुरुवारचा सराव शुक्रवारच्या शेवटच्या तासिकेत जातो. ही तासिका कागदावर परिसर अभ्यासाची आहे, पण बाई आठपैकी सातच तासिकांचा परिसर आखतात आणि आठवी राखीव ठेवतात. काही बुडालं नाही तर ती परिसरालाच मिळते. बुधवारच्या परिसराच्या धड्यापुढे बाण काढून तो पुढच्या आठवड्यात जातो. गुरुवारची कला जागेवरच राहते, कारण पानाच्या डोक्यावर लाल शाईनं नियम लिहिला आहे : भरपाई राखीव तासिकेतून, कलेतून नाही.

बाण हेच या पानाचं तापमान. एखादा बाण येणं साहजिक आहे. एकाच घटकापुढे सलग तीन आठवडे बाण आला तर आखणीच अवाजवी आहे, आणि पुढच्या पानावर काम वाढवण्याऐवजी एक घटक कमी करावा लागतो. दुसरी खूण कानाला कळते. ठिपका नसलेल्या वर्गातून दहा मिनिटांच्या आत ‘बाई, झालं, आता काय करू?’ असं ऐकू आलं, तर स्वाध्याय तोकडा होता.

हे पान सगळं सोडवत नाही. सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी एकाच आठवड्यात आल्या तर एक राखीव तासिका कुठेच पुरत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळ धरलेला आहे. शुक्रवारच्या आखणीला अर्धा-पाऊण तास लागतो, तो या तयारीतलाच आहे आणि तो मागण्यात गैर काही नाही.

पाऊण तासानं बाई वही मिटतात. पुढच्या सोमवारच्या चौकोनात आता काड्यांऐवजी दहाची नोट आणि सुटी नाणी आहेत, आणि त्याखाली या आठवड्यात ३५ उत्तर लिहिणाऱ्या दोघांची आद्याक्षरं.