कष्टार्तव

मासिक पाळीच्या वेळी ओटीपोटात येणाऱ्या त्रासदायक कळांना वैद्यकीय परिभाषेत कष्टार्तव असे म्हणतात. कळा कंबरेत व मांड्यांपर्यंत पसरतात. सोबत मळमळ, जुलाब किंवा डोकेदुखीही होऊ शकते. गर्भाशयात कोणताही विकार नसताना होणाऱ्या वेदनेस प्राथमिक कष्टार्तव, तर एखाद्या विकारामुळे होणाऱ्या वेदनेस दुय्यम कष्टार्तव म्हणतात. घरगुती उपाय प्रामुख्याने पहिल्या प्रकारासाठी आहेत.

कारण
पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, तेथील रक्तपुरवठा काही क्षण तुटतो आणि कळ येते. पहिल्या एक-दोन दिवसांत ही द्रव्ये सर्वाधिक असतात; म्हणूनच प्राथमिक प्रकारातील वेदना स्राव सुरू होण्याच्या सुमारास उद्भवते आणि बहुधा तीन दिवसांच्या आत ओसरते.

शेक
उष्णतेने स्नायू सैलावतात व रक्तप्रवाह वाढतो. सुमारे ३९ अंश सेल्सियस तापमानाची पट्टी दिवसातून बारा तास ओटीपोटावर ठेवल्यास आयबुप्रोफेनच्या गोळीइतका आराम मिळतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. म्हणजे चटका बसेल इतकी उष्णता आवश्यक नाही. सौम्य ऊब दीर्घकाळ मिळणे महत्त्वाचे.

रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरावी, पाणी उकळते नसावे, हवा काढून झाकण घट्ट लावावे आणि पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. ती घेऊन झोपू नये. पिशवी नसल्यास तव्यावर गरम केलेल्या जाड मिठाची फडक्यातील पुरचुंडीही चालते, मात्र ती आधी हाताच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. रोज फार गरम शेक घेतल्यास कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात; तसे दिसल्यास शेक थांबवावा.

हालचाल
पाळीत मुलीला बाजूला बसवून ठेवण्याच्या जुन्या रूढीला वेदनाशमनाचा आधार नाही. ज्यांना विश्रांती हवी त्यांनी ती अवश्य घ्यावी, परंतु चालणे किंवा योगासने यांसारखा व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी पाऊण ते एक तास केल्यास वेदनेची तीव्रता घटते, असे उपलब्ध अभ्यासांवरून दिसते. हा परिणाम महिनाभराच्या सातत्याचा असतो. ऐन कळांत जोराचा व्यायाम करण्याची गरज नाही; गुडघे पोटाशी घेऊन पहुडणे किंवा घरात फेऱ्या मारणे पुरेसे होते.

आहार
आहाराविषयीचे पुरावे तुलनेने दुबळे आहेत. सुंठीचा काहीसा उपयोग दिसून आला असून, चाचण्यांत साधारणतः पाऊण ते दोन ग्रॅम पूड दररोज, पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिली जाते. नाचणी, अळीव व पालेभाज्या यांतून लोह मिळते. ते स्रावातून होणारी तूट भरून काढण्यास मदत करते, कळा थांबवत नाही. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र लोहाचे शोषण घटवतो.

उदाहरण
डोंबिवलीत राहणारी व ठाण्यातील महाविद्यालयात जाणारी एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी येथे कल्पिता येईल. सकाळच्या गर्दीत तिला लोकलमध्ये उभे राहावे लागते, आणि उपनगरी गाड्यांत स्वच्छतागृह नसते. तिने पाळीची तारीख ओळखून निघण्यापूर्वी शेक घ्यावा आणि कपड्यांखाली चिकटवायची उष्णतापट्टी सूचनेप्रमाणे लावावी. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्ल सुचविले असल्यास ते कळा वाढण्याची वाट न पाहता, खाल्ल्यानंतर घ्यावे. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास ही औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तिने वहीत वेदना कोणत्या दिवशी सुरू झाली, केव्हा थांबली व किती पॅड लागले हे तीन महिने लिहिले, तर नोंदींतून फरक कळतो. दोन दिवसांत थांबणारी वेदना एक गोष्ट; पाळीच्या आठवडाभर आधी सुरू होणारी, नंतरही रेंगाळणारी आणि दरवर्षी वाढणारी वेदना दुसरी. या दुसऱ्या प्रकारामागे एंडोमेट्रिओसिस, ॲडेनोमायोसिस किंवा गर्भाशयातील गाठ असू शकते.

वैद्यकीय मदत केव्हा
शेक व गोळीने आराम न पडणे, वेदनेमुळे दरमहा वर्ग किंवा काम बुडणे, शौचाच्या किंवा संभोगाच्या वेळी दुखणे, तसेच पंचविशीनंतर प्रथमच कळा सुरू होणे, यांपैकी काहीही असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. सात दिवसांहून अधिक स्राव, दर एक-दोन तासांनी भिजणारे पॅड किंवा पाच रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या हे अतिस्रावाचे लक्षण होय. वयात आलेल्या मुलीला पाळी न येता दरमहा पोटात कळा येत असतील, तर रक्त बाहेर पडण्याचा मार्ग बंद असण्याची शक्यता तपासावी लागते. अशा मुलींची ‘अजून लहान आहे’ म्हणून बोळवण होण्याचा धोका असतो.

पाळी चुकल्यावर अचानक एका बाजूस तीव्र वेदना, चक्कर किंवा खांद्यात दुखणे हे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचे लक्षण असू शकते. ताप व दुर्गंधीयुक्त स्रावासह पोट दुखणे हे संसर्गाचे. दोन्ही प्रसंगी शेकत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या परिसरात कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये आहेत; रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा.